साडेनऊशे डॉलर

माझ्या परदेशी शिक्षणासाठी बाबांनी अमेरिकी फंडात ऐंशी हजार रुपये गुंतवले, तेव्हा डॉलर ऐंशी रुपयांना होता. हजार डॉलर झाले. दोन वर्षांनी खारघरच्या घरात आम्ही अ‍ॅप उघडलं, तर साडेनऊशेच उरले होते.

"माझंच चुकलं गं," बाबा हळूच म्हणाले.

"अहो बाबा, डॉलर आता अठ्ठ्याऐंशीला आहे. गुणून बघा ना."

त्यांनी पाठकोऱ्या कागदावर गुणाकार केला. त्र्याऐंशी हजार सहाशे. "अरे, वाढले की!"

"फंड पडला, पण डॉलर त्याहून जास्त चढला. तोही उतरला असता तर दुहेरी फटका बसला असता."

बाबा आईला सांगायला उत्साहाने स्वयंपाकघरात गेले. फी डॉलरमध्येच भरायची होती, तिथे रुपयांतली वाढ कामाची नव्हती; हजाराचे साडेनऊशेच झाले होते. ते मी त्या दिवशी बोलले नाही.