पॅकअप कोणाचं?

जाम गावच्या शाळेत आमच्या सिनेमाच्या युनिटचा मुक्काम होता. दुसऱ्या दिवशीचा कॉल, म्हणजे हजर व्हायची वेळ, तिथल्या फळ्यावर लिहिणं हे व्यवस्थापक म्हणून माझं काम. दिग्दर्शकांचं गणित रोज तेच.

"संध्याकाळी सातला पॅकअप झालं, उद्या सकाळी सहाचा कॉल लाव. अकरा तास मिळतात की!"

मिळतात, पण कोणाला? दिवे उतरवून, वायरी गुंडाळून लाइटवाल्यांचा ट्रक मुक्कामी पोचेपर्यंत दहा वाजत. आणि सकाळी दिवे उभारायला तोच ट्रक सगळ्यांच्या आधी निघे. सांगून सांगून माझा घसा बसला, पण त्यांच्या लेखी पॅकअप म्हणजे ते स्वतः खुर्चीवरून उठले ती वेळ.

त्या संध्याकाळी ट्रकचा ड्रायव्हर मला म्हणाला, "साहेब, काल गाडी चालवता चालवता डोया लागला माह्या."

माझं डोकंच फिरलं. तसाच दिग्दर्शकांकडे गेलो. "सहाचाच कॉल हवा असेल, तर उद्या ट्रकमध्ये त्याच्या शेजारी तुम्ही बसा."

"छे, मी जीपनं येईन."

शाळेत परतल्यावर मी त्यांच्या जीपची किल्ली खिशात घातली आणि ट्रकच्या दहापासून अकरा तास मोजून फळ्यावर लिहिलं: ट्रक नऊला, बाकी सगळे दहाला.