अठरा ड्रमांचा कागद

तमाम जनतेस याद्वारे अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, लाल पेन्सिलीने 'बरोबर'ची खूण माझ्याइतकी देखणी काढणारा माणूस पेण शहरात दुसरा नाही. कोणाची हरकत असल्यास त्याने कागदपत्रांसह हजर व्हावे. माझी खूण खाली किंचित गोल, वर जाताना तलवारीसारखी. बिल पाहिलं की एक शेपटी, माल डोळ्यांनी पाहिला की दोन. कागदाच्या तळाशी कुठल्या खुणेचा काय अर्थ, तेही लिहायचो. पंचवीस वर्षं ऑडिट फर्ममध्ये काढली, सीए काही झालो नाही, पण खुणांच्या बाबतीत मी कलावंत होतो. या कलावंताच्या एका कागदाने एका माणसाची नोकरी खाल्ली, ती गोष्ट सांगायची आहे.

आमचं ऑफिस गणपतीच्या एका कारखान्याला लागून. भिंतीला फट होती, त्यातून वर्षभर पांढरी भुकटी आमच्या फायलींवर उतरायची. फर्म एका बाईंची. सगळे त्यांना बाईच म्हणायचे, त्याही स्वतःला सीए वगैरे म्हणवून घ्यायच्या नाहीत. बुटक्या, चष्मा कपाळावर, आणि कागद तपासायला बसल्या की शेजारी भूकंप झाला तरी मान वर न करणाऱ्या.

नवीन माणूस आला की बाई त्याच्यासमोर कोरा कागद ठेवायच्या. वर क्लायंटचं नाव, वर्ष, कशाचा कागद आहे ते. कोपऱ्यात क्रमांक. कोणी केला, कधी केला, कोणी तपासला, कधी तपासला. मग हा कागद कशासाठी, माहिती कुठून घेतली, नेमकं काय तपासलं, त्यातलं किती आणि का निवडलं, काय सापडलं, आणि शेवटी निष्कर्ष. दुसऱ्या कागदाचा आधार असेल तर त्याचा क्रमांक इथे आणि याचा क्रमांक तिथे. सगळं सांगून झालं की त्या म्हणायच्या, "तू उद्या मेलास, तर तुला कधी न पाहिलेल्या ऑडिटरला हा कागद वाचून तू काय केलंस ते कळलं पाहिजे. तुला विचारायची सोय नाही असं धरून लिही."

मी मरणार नव्हतो, हीच माझी अडचण. मी समोर बसलेला असताना कागदाने कशाला बोलायचं? मी तोंडाने सांगायचो, हातवारे करून सांगायचो, क्लायंटच्या मॅनेजरची नक्कल करून सांगायचो. ऑफिस हसायचं. बाई हसायच्या आणि मग लिहायच्या.

त्यांचं लिहिणं म्हणजे रिव्ह्यू नोट्स. प्रत्येक फाइलीला एक वेगळा तक्ता. पहिल्या रकान्यात अनुक्रम, दुसऱ्यात कागदाचा क्रमांक, मग बाईंचा प्रश्न, मग आमचं उत्तर, आणि शेवटच्या रकान्यात बाईंची छोटी सही, म्हणजे नोट मिटली. मिटवायचा अधिकार फक्त त्यांचा. 'नीट करा' असं त्या कधी लिहायच्या नाहीत. त्यांचा प्रश्न असा असायचा की पळायला वाट नसायची. कोण, कधी, काय म्हणाला, आणि तुझ्याकडे पुरावा काय. आमचं काम एवढंच, की मूळ कागद दुरुस्त करायचा आणि उत्तरात लिहायचं, अमुक कागदावर घेतलं आहे. सगळ्या नोटा मिटल्या की फाइल बंद करताना तो तक्ता फाडून टाकायचा. प्रश्नाचं उत्तर कागदात उतरलं, मग प्रश्न कशाला जपून ठेवायचा, ही आमच्याकडची रीत. तक्ता फाडायचं काम माझं होतं. मी तो बाईंच्या टेबलासमोर उभा राहून, मान झुकवून, चार तुकडे करून फाडायचो. टाळ्या पडायच्या.

रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा एक क्लायंट होता, रंगांसाठी लागणारी रसायनं करणारा लहान कारखाना. एकतीस मार्चला तिथे माल मोजायला मी गेलो होतो. माझ्याबरोबर तिथला स्टोअरकीपर. खाडीकडच्या मीठवाल्यांच्या घरातला, रोह्याजवळ निडीला सासुरवाडीत घर बांधून राहिलेला. कमी बोलणारा, आणि ड्रम मोजताना प्रत्येक ड्रमला हात लावणारा. एका द्रावणाचे पुस्तकात चारशे ड्रम होते. जमिनीवर तीनशे ब्याऐंशी भरले.

तो घाबरला नाही. म्हणाला, चला दाखवतो. प्लांटच्या मागे नेलं. तिथे अठरा रिकामे ड्रम आडवे पडले होते. उन्हात पत्रा इतका तापलेला, की त्याने गमछा हाताला गुंडाळून एकेक ड्रम फिरवला आणि मला बॅच नंबर वाचायला लावला. त्याच बॅचचे. प्रॉडक्शनवाल्यांनी दोन दिवसांपूर्वी उचलून वापरले होते, मागणीची चिठ्ठी न देता. मॅनेजर तिथेच आला, त्याने मान्य केलं, म्हणाला चिठ्ठी उद्या करतो. स्टोअरकीपर मला म्हणाला, "सायेब, ह्ये लिवून घ्या. माझ्यावर यायला नको."

मी मान हलवली आणि लिहीत राहिलो. पॅड हातात, पेन्सिल कानावरून हातात, आणि तो बिचारा ड्रम फिरवतोय. फार देखणा प्रसंग होता.

ऑफिसात येऊन मी मोजणीचा कागद स्वच्छ करून लिहिला. खुणा अप्रतिम. आणि त्या अठरांपाशी लिहिलं: 'फरक १८. व्यवस्थापनाशी चर्चा केली. समाधानकारक.' हे माझं आवडतं वाक्य होतं. कुठेही बसायचं. पॅडवरचं कच्चं लिखाण टोपलीत गेलं.

बाईंची नोट आली. चर्चा कोणाशी, कधी, तो काय म्हणाला, पाहिलंस काय? कागदावर घे. रास्त प्रश्न. मी उत्तराच्या रकान्यात बारीक अक्षरात सगळं लिहिलं: अठरा रिकामे ड्रम, बॅच नंबर, स्टोअरकीपर, मॅनेजर, चिठ्ठी. पाच ओळी. फार चांगल्या ओळी होत्या. मूळ कागदावर मात्र घेतल्या नाहीत, कारण त्या दुसऱ्यांदा लिहायच्या म्हणजे माझ्या देखण्या कागदावर खाडाखोड झाली असती. बाईंनी उत्तर वाचलं, पटलं, सही केली. सप्टेंबरचा शेवट होता, टेबलावर अकरा फायली होत्या. कागद उलटून पाहिला नाही. आयुष्यात एकदा.

रिपोर्टवर सही झाली. त्या तारखेपासून साठ दिवसांत फाइल जुळवून बंद करायची असते. मी सुटे कागद लावले, दुहेरी प्रती काढल्या, अनुक्रमणिका घातली, आणि मान झुकवून तक्ता फाडला. चार तुकडे. मग फाइल मागच्या खोलीत गेली. गठ्ठ्यावर चिठ्ठी, रजिस्टरात नोंद, सात वर्षांनंतरची नष्ट करण्याची तारीख. बंद झाल्यावर फाइलीतून कागद काढायचा नाही, बदलायचा नाही. क्वचित घालायची वेळ आली, तर कोणी, कधी आणि का घातला ते लिहूनच.

चार वर्षांनी तो स्टोअरकीपर पेणच्या ऑफिसात आला. गाडीने आला होता, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कंपनीची नोटीस. गोदामात मोठी तूट सापडली होती, आणि कंपनी म्हणत होती की हा माणूस वर्षानुवर्षं माल बाहेर काढतो आहे. पुरावा म्हणून पहिलं उदाहरण दिलं होतं ते अठरा ड्रमांचं. ती चिठ्ठी कधी झालीच नव्हती. मॅनेजरने ते ड्रम तूट म्हणून पुस्तकातून काढून टाकले आणि पुढे गुजरातेत नोकरी धरली होती. तूट म्हटल्यावर आम्हीही पुढे विचारलं नाही. फाइलीत समाधानकारक होतं ना.

तो मात्र अगदी निवांत होता. चौकशीला तुमचा कागद नेतो, म्हणाला, बाकीचं मी बघून घेतो, पण चोरी जुनी हाय असं म्हणतात ते खोटं पडलं पायजे. वीस वर्षांची ग्रॅच्युइटी अडकली होती, आणि मुलीचं नर्सिंग दुसऱ्या वर्षाला. मी त्याला चहा पाजला आणि थाटात सांगितलं, की आमच्याकडे सात वर्षं कागद हलत नाही.

हलला नव्हता. मी गठ्ठा काढला, भुकटी झटकली, कागद उघडला. फरक १८. व्यवस्थापनाशी चर्चा केली. समाधानकारक. खाली शेपटीवाली लाल खूण. पुन्हा वाचलं. कागद उलटा करूनही पाहिला.

आता कबूल करतो. जुन्या छापाचे कोरे कागद माझ्या कपाटात होते, जुनी तारीख मला घालता येत होती, आणि माझं अक्षर तर माझंच होतं. मी पेन उघडलंही. बाई दारात उभ्या होत्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "तो कागद खोटा, म्हणून त्या माणसाचं खरंही खोटं होईल. आजच्या तारखेने लिही."

मग आजच्या तारखेने लिहिलं. मला आठवतं ते असं, मूळ कागदावर घ्यायचं राहिलं, घालण्याचं कारण हे. खाली बाईंनी स्वतःचं लिहिलं: नोट मी मिटवली होती, मूळ कागद पडताळून पाहिला नाही, उत्तरातला मजकूर मला आता आठवत नाही. एवढं लिहायला त्यांना अर्धा तास लागला. कंपनीची लेखी परवानगी घेतली, कारण क्लायंटचं काही बाहेर सांगायचं तर ती लागते. कंपनीने आनंदाने दिली. का, ते चौकशीत कळलं.

चौकशी रोह्यात, कारखान्याच्या कँटीनमध्ये झाली. टेबलं सरकवून. चौकशी अधिकारी म्हणून बाहेरून आणलेले एक वकील, सौम्य गृहस्थ. त्यांनी आधी जुना कागद मोठ्याने वाचला. त्यात अठरांचा फरक होता, ते गेले कुठे ते नव्हतं; कंपनीला तेवढंच हवं होतं. मग मला विचारलं: चर्चा कोणाशी? कधी? तो काय म्हणाला? पाहिलंत काय? तेच चार प्रश्न, त्याच क्रमाने. मी सगळी उत्तरं दिली. पहिल्यांदाच हातवारे न करता. ते म्हणाले, हे त्या वेळी लिहिलेलं कुठे आहे? मी म्हणालो, फाडलं. कोणी? मी. का? आमची तशी रीत आहे.

त्यांनी नवा कागद हातात घेतला, तारीख पाहिली, ती नोटिशीच्या तारखेनंतरची आहे एवढंच टिपून घेतलं, आणि बाजूला ठेवला. त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. मीही त्यांच्या जागी तसंच केलं असतं. तोच तर माझा धंदा. स्टोअरकीपरची नोकरी पुढच्या महिन्यात गेली, ग्रॅच्युइटी रोखली गेली. मुलीचं नर्सिंग सुटलं, ती आता डोलवीच्या पोलाद कारखान्यात कंत्राटदाराकडे गेटवर बसते. बाईंनी त्या वर्षापासून नोट मिटवण्याआधी मूळ कागद समोर मागायला सुरुवात केली, आणि माझ्या फाडण्याला टाळ्या पडायच्या थांबल्या.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी कँटीनमध्ये मी कागद गोळा करत होतो. स्टोअरकीपर समोरच्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि रागाने नाही, खरोखर कळत नाही म्हणून, सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, "सायेब, मी उन्हात ड्रम फिरवत होतो, तवा एवढा वेळ तुमी लिवत काय होता?"