फाडलेली कच्ची पानं

हडपसरात मी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आला आणि ब्रश डब्यातच वाळले. त्यामुळे नातीचा हात चांगला चालतो हे दिसलं तेव्हा मला धडकीच भरली. मी म्हटलं, बँकेच्या परीक्षा दे.

बायको म्हणाली, "अहो, धंदा तुमचा बुडाला. पोरीने का बुडायचं?"

शेवटी तिनेच मला नातीच्या चित्रकलेच्या क्लासला नेलं. तिथल्या सरांना मी तोंडावर विचारलं, "मी पाट्या रंगवायचो, धंदा बुडाला. पोट भरतं का यात?"

सर म्हणाले, "खोटं सांगत नाही, काका. ॲनिमेशनमध्ये बरंच काम प्रोजेक्टवर असतं. प्रोजेक्ट संपला की पुढचा शोधा. पण डिझाइन शिकली तर मोबाईलच्या ॲपचे स्क्रीन आखेल, पॅकिंगच्या डब्यांचं डिझाइन करेल, पुस्तकांची चित्रं काढेल. एक काम आटलं तर दुसऱ्याकडे वळता येतं. तुम्हाला पाट्यांशिवाय दुसरं काही कुणी शिकवलं होतं का?"

बायको हसली.

त्याच वर्षी ती आजारी पडली. नात उशाशी वही घेऊन बसायची. आजीचे हात, औषधाची बाटली, झोपेत उघडं राहिलेलं तोंड, सगळं भराभर काढायची. बायको म्हणायची, "माझं वाकडं बोटपण काढ गं." दिवाळीआधी ती गेली.

पुढे नात डिझाइनची प्रवेश परीक्षा पास झाली. मुलाखतीला आपल्या कामाची फाइल न्यायची होती, सोबत वह्याही. आदल्या दिवशी ती क्लासला गेली असताना मी वह्या चाळल्या. खाडाखोड, अर्धवट रेघा, एकच हात दहादा. आमच्या धंद्यात गिऱ्हाईकाला कच्चं दाखवत नाहीत, लाज जाते. मी ती पानं फाडली आणि रद्दीवाल्याला दिली. पक्की, रंगवलेली चित्रं तेवढी ठेवली. वाटलं, बायको असती तर शाबासकी दिली असती.

नातीने वह्या दप्तरात भरल्या, उघडल्या नाहीत.

मुलाखतीच्या खोलीबाहेर मी बाकावर होतो. ती लवकर बाहेर आली.

"ते म्हणाले, चित्रं सुबक आहेत, पण तू विचार कसा करतेस ते दिसत नाही. कच्चं काम कुठंय? आजोबा, पानं कुठं गेली?"

मी सांगितलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

यादीत तिचं नाव नव्हतं. रद्दीवाला म्हणाला, "बाबा, तो माल कधीच गेला." आजारपणात आम्ही बायकोचा एकही फोटो काढला नव्हता.

आता नात परत तयारी करते आहे. परवा नवी वही घेऊन माझ्यापुढे बसली. आठवून आजीचा हात काढत होती.

"आजोबा, वाकडं बोट कुठल्या हाताचं होतं?"

पन्नास वर्षं तो हात हातात धरला. मला सांगता आलं नाही.

तिने दोन्ही हात काढले. पान वहीतच आहे.