हीटर गरम होईना

नेकनूरच्या रस्त्याला माझं गॅरेज आहे. पौषातल्या एका सकाळी दाजींची गाडी दारात येऊन थांबली. मागच्या सीटवर ताई आणि तिची नवव्या महिन्याआधीच जन्मलेली लेक. बीडच्या दवाखान्यातून नुकतंच घरी सोडलं होतं. बाळाला अजिबात गार लागू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"हीटर बीडपासून चालू हाय, पण गरमच हुईना," दाजी म्हणाले. "इंजनाचा काटा बी खालीच हाय."

ताईनं बाळाला पदराआड उराशी धरलं होतं. "पाय गार पडलेत रे हिचे," ती म्हणाली.

बॉनेट उघडलं. कुलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, टाकी भरलेली. हीटरकडं जाणाऱ्या दोन्ही नळ्या सारख्याच कोमट, म्हणजे पाणी फिरत होतं, पण तापलेलंच नव्हतं. इंजिन गार असताना थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह मिटलेला असतो. इंजिन पुरेसं तापलं की मगच तो पाण्याला रेडिएटरची वाट देतो. हा उघडाच अडकला असणार. सुरू केल्यापासून पाणी रेडिएटरमध्ये जाऊन गार होत होतं, आणि गाडी पळेल तसं वारं लागून आणखीच.

नवा व्हॉल्व्ह माझ्याकडं नव्हता. बीडहून मागवायचा म्हणजे दुपार. पत्र्याच्या शेडमध्ये वारा शिरत होता. शेजारी हॉटेल होतं, पण तिथं भट्टीचा धूर. बाळाला तिथं न्यायला ताई तयार नव्हती, आणि तिचं बरोबरच होतं.

वारं अडावं म्हणून मी एक पुठ्ठा कापून रेडिएटरच्या अर्ध्या भागापुढं बांधला.

"इंजन उकळंल की बे!" दाजी घाबरले.

"अर्धाच झाकलाय. काट्यावर मी नजर ठेवतो. चला."

दाजी चालवायला, मी त्यांच्या शेजारी पुढं बसलो. भीती दोन्हीकडून होती. काटा वर नाही आला तर बाळ गारठणार, आणि फार वर गेला तर गाडी माळावरच बंद पडणार. गाडी त्यांच्या गावाच्या वाटेला लागली. अर्ध्या वाटेत काटा हलला, मधल्या खुणेच्या जरा अलीकडं येऊन ठरला. हीटरच्या जाळीपुढं हात धरला, तर हवा ऊन लागली.

"ताई, पाय बघ."

तिनं पदराआड हात घालून पाय चाचपले. मग म्हणाली, "ऊन लागायलेत." तेवढ्यात, इतका वेळ मलूल पडलेलं बाळ रडायला लागलं. त्याचं रडणं ऐकून दाजींनी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलं.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठा काढून नवा व्हॉल्व्ह बसवला. जुना हातात घेतला तर थंडगार असूनही तोंड उघडंच, फटीत गंजाचा खडा अडकलेला.

"आता वजन करायला बीडच्या दवाखान्यात न्यायचंय लेकीला," दाजी म्हणाले. "चालंल ना गाडी?"

"चालंल," मी म्हणालो, आणि तरीही त्यांच्यासोबत गेलो.