मुंबईहून आलेले आमचे गर्भ

आम्ही सुरतेत लिंबायतला राहत होतो, यजमानांचे स्वतःचे कापड विणायचे लूम होते. मूल होत नव्हतं म्हणून मुंबईच्या दवाखान्यात उपचार घेतले. तिथे आमचे तीन गर्भ गोठवून ठेवलेले होते. पुढे सुरतेतच तशी सोय झाली. इथल्या लॅबच्या बाईंनी आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या आणि गर्भ व उपचारांचे सगळे कागद इकडे द्यावेत असा मुंबईला ई-मेल केला. सह्यांचा कागद फॅक्सने गेला.

उत्तर आलं, या नावाच्या बाईचं आमच्याकडे काहीच नाही.

बाईंनी मला जवळ बसवलं. "बेन, लग्नाआधी तुझं नाव काय होतं?"

आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. मुंबईत मी शाळेच्या दाखल्यावरचं जुनं नाव सांगितलं होतं, इथे सासरचं.

यजमान म्हणाले, "म्हणजे मला दोन बायका आहेत!"

बाई हसल्या, पण नुसतं नाव बदलून ई-मेल करायला तयार झाल्या नाहीत. "चुकून दुसऱ्या कुणाचे आले तर?" त्यांनी आधी दोन्ही नावं माझीच असल्याचं प्रतिज्ञापत्र करून घेतलं, मगच पुन्हा लिहिलं. मुंबईवाल्यांनी सगळं ताडून पाहिलं आणि होकार दिला.

गर्भ गोठलेले राहावेत म्हणून अतिथंड द्रव नायट्रोजनची टाकी घेऊन बाई स्वतः मुंबईला गेल्या. परतल्यावर नायट्रोजनच्या थंडीतच, गर्भाच्या एकेका नळीवरचं नाव कागदाशी जुळवून त्यांनी गर्भ इथल्या टाकीत ठेवले. मी दाराशी उभी होते. झाकण लावल्यावरच त्यांनी पाणी मागितलं.