नात्याच्या रकान्यात ‘मुलगा’

बटणमावशींनी पन्नास वर्षं लोकांच्या शर्टांना काजं केली. शिंप्यांच्या गल्लीत, जिन्याखालच्या अडीच हातांच्या जागेत त्यांचं मशीन. नवरा लवकर गेला. एकुलती लेक त्या मशीनवर वाढली आणि तिने लग्न केलं ते चित्रकलेच्या मास्तरशी. मावशी त्याला ‘रंगारी’ म्हणायच्या.

दोघांचं रोज संध्याकाळी कॅरमवर भांडण. मावशी बिनदिक्कत कोपराने सोंगट्या सरकवायच्या, वर म्हणायच्या, “रंगारी, बोर्डच वाकडा आहे तुमचा!”

न्यूमोनिया झाला म्हणून त्यांना दवाखान्यात ठेवलं. सहाव्या दिवशी सकाळी नर्सच्या गणवेशाचं सैल बटण त्यांनी झोपल्याझोपल्या पक्कं करून दिलं, आणि दुपारी त्या गेल्या.

मावशींचा आरोग्य विमा होता, पण दवाखाना विमा कंपनीच्या यादीत नव्हता. म्हणून मास्तरने बिल भरलं, मूळ पावत्या जपून ठेवल्या. पंधरा दिवसांनी नवरा-बायको फाइल घेऊन विमा कार्यालयात गेले. दाव्याचा अर्ज, दवाखान्याची डेथ समरी, बिलं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे रिपोर्ट, पालिकेचा मृत्यूचा दाखला. खिडकीतल्या बाईंनी एकेक कागद उलटला.

“पॉलिसी त्यांच्याच नावावर होती. आता सही नॉमिनीची लागेल. ओळखपत्र आणि रद्द केलेला चेकही त्याचाच.”

“मीच असणार,” लेक पेन काढत म्हणाली.

बाईंनी स्क्रीन पाहिला. “नाही. इथे तुमच्या मिस्टरांचं नाव आहे. नातं, मुलगा.” मग त्याचं ओळखपत्र पाहून त्या थबकल्या. “पण वडिलांचं नाव, आडनाव, काहीच जुळत नाही!”

“जुळणार कसं? मी जावई आहे,” मास्तर कसाबसा म्हणाला. लेक इतकी हसली की रांगेतल्या माणसांनी मान वळवली.

“तोंडावर रंगारी आणि फॉर्मवर मुलगा!” मास्तर डोळे पुसत म्हणाला.

“तोंडावर म्हणाली असती तर तू डोक्यावर बसला असतास.”

बाईही हसल्या. “नाव तुमचंच आहे, ते चालेल. पण नात्याचा खुलासा हवा. प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला आणि ताईंचं ना-हरकत पत्र.”

लेकीने तिथेच कागद मागून लिहिलं: ‘माझी हरकत एकच, आईने मला आधी सांगितलं नाही.’

“अहो ताई, असं नका लिहू! वरच्या ऑफिसातून पुन्हा शंका येईल,” म्हणत बाईंनी दुसरा कागद पुढे केला.

आठवडाभरात सगळं जमा झालं. महिन्याने शाळेच्या स्टाफरूममध्ये मास्तरच्या फोनवर संदेश आला. हातमोजे, सुया असल्या किरकोळ वस्तू वगळून दावा मंजूर. त्याने ताबडतोब बायकोला फोन लावला.

“मंजूर झालं! कंपनीने मान्य केलं, मुलगा!”

शेजारच्या टेबलावर गणिताच्या बाईंनी शेवटचा ‘मुलगा’ तेवढा ऐकला. “मास्तर! मुलगा? या वयात?”

बघता बघता सगळा स्टाफ अभिनंदनाला भोवती जमला. मास्तरने खुलासा करायला तोंड उघडलं, पण हसूच आवरेना. शेवटी त्याने शिपायाला हाक मारली आणि सगळ्यांसाठी पेढे आणायला पाठवलं.