कंपनीचा पत्ता आमच्या घरातून हलला तेव्हा

काका गेले आणि महिन्याभरात चुलतभावाचा फोन आला. कंपनी विकायची म्हणतोय, घेणारा मिळालाय, बाबांच्या नावचे शेअर अजून तसेच आहेत, ते वारस म्हणून आईच्या नावावर करून घ्या आणि तुमचा पाचवा हिस्सा घ्या.

"पाचवा?" आई स्वयंपाकघरातूनच कडाडली. "अर्धा होता तो! दोघा भावांनी निम्मी-निम्मी कंपनी काढली. बाकीचा गिळला कोणी? काढ सगळे कागद. मी केस करणार."

आंब्याचा रस डबाबंद करायची ती कंपनी. बाबा बोटीवर नोकरीला, त्यामुळे कारभार काकांचा; पण नोंदणीकृत पत्ता आमच्या रत्नागिरीतल्या घराचा. ओटीवर कंपनीची पाटी. आईला त्या पाटीचा केवढा अभिमान! बँकेचा साहेब येवो नाहीतर डबे पुरवणारा व्यापारी, आई प्रत्येकाला चहा-पोहे घालायची, वर आरे-वारेचा समुद्र बघून जा म्हणून आग्रह करायची. मग एक दिवस काकांचा माणूस आला, पाटी उतरवून घेऊन गेला. बाबा तेव्हा बोटीवर. थोड्या दिवसांनी कळलं की बाबा आता संचालक नाहीत, त्यांच्या जागी काकू आहेत. आणि पुढे कधीतरी अर्ध्याचा पाचवा झाला. आईच्या लेखी हा एकाच माणसाचा तीन टप्प्यांतला दरोडा होता. तिनं काकांच्या घरी जाणं सोडलं. ते गेले तेव्हा दहाव्यालासुद्धा गेली नाही.

मी सीए. दुसऱ्यांच्या कंपन्यांचे असे कागद रोज बघते. पण आमच्या कंपनीचे काढायचे नाहीत, असा बाबांचा हुकूम होता. "भावाचे कागद तपासायला लागलो की भाऊ उरत नाही," एवढंच म्हणायचे. बाबांना जाऊनही आता काही वर्षं झाली होती. हुकूम मोडायला हरकत नव्हती.

फी भरून कंपनी निबंधकाकडची कागदपत्रं उघडली. सरकारी पोर्टल ते. तीनदा रुसलं, चौथ्यांदा प्रसन्न झालं. आई शेजारी खुर्ची ओढून बसली. "वाच मोठ्यानं. काही गाळू नको हो."

पहिला कागद पत्त्याचा. नवा पत्ता एमआयडीसीतल्या कारखान्याचा, शहराच्या हद्दीबाहेरचा, त्यामुळे नुसता संचालकांचा ठराव चालत नाही, भागधारकांचा विशेष ठराव लागतो. तो जोडलेला होता. भागधारक दोनच, आणि ठराव मांडणारे बाबा. कारणही दिलेलं: कार्यालय राहत्या घरात असल्यानं कुटुंबाला त्रास होतो. सभेची तारीख बाबा सुट्टीवर होते तेव्हाची. म्हणजे पाटी उतरवायचं त्यांनी ठरवलं, आईला सांगायचं धाडस झालं नाही, आणि ते काम भावावर टाकून स्वारी बोटीवर चढली. मला बाबांचा इतका राग आला की खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या.

"मला कसला त्रास?" आई म्हणाली. "मी कधी म्हटलं होतं?"

दुसरा कागद संचालक बदलल्याचा. त्याला राजीनामा जोडलेला, बाबांच्याच तिरक्या अक्षरात. मी बहुतेक काळ समुद्रावर असतो, सभांना येणं होत नाही, तरी मला मोकळं करावं. यात काही काळंबेरं नव्हतं. बारा महिन्यांत एकाही सभेला न आलेल्या संचालकाची जागा कायद्यानं आपोआप रिकामी होते. तसं जाण्यापेक्षा त्यांनी स्वतः पद सोडलं. आणि खाजगी कंपनीला निदान दोन संचालक लागतात, म्हणून काकूंचं नाव लागलं.

आई म्हणाली, "ते राहू दे. हिस्सा कसा कमी झाला ते बघ."

शेअर-वाटपाचा कागद उघडताना मलाही वाटत होतं की चोरी सापडली तर इथेच सापडेल. बाबांचा एकही शेअर कमी झालेला नव्हता. कंपनीनं नवे शेअर काढले होते, ते सगळे काकांनी घेतले. एकूण आकडा फुगला, बाबांचे तेवढेच राहिले, म्हणून अर्ध्याचा पाचवा झाला. पण नवे शेअर काढताना जुन्या भागधारकांना त्यांच्या प्रमाणात आधी विचारावं लागतं, आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर आलं नाही तर नकार धरतात. काकांनी विचारलं होतं का? त्याचं उत्तर "नाही" निघालं असतं, तर आईची केस उभी राहत होती.

जोडलेला ठराव मी वाचत गेले. बाबांना प्रस्ताव रजिस्टर पोस्टानं पाठवला होता. कायद्यानं पंधरा दिवसांची मुदत पुरते, काकांनी पूर्ण तीस दिवसांची दिली होती. पाकीट परत आलं होतं. खाली त्याची झेरॉक्स जोडलेली. कायद्याला त्या झेरॉक्सची गरज नव्हती. दुखावलेल्या माणसाला होती. वर बाबांचं नाव, आमच्या घराचा पत्ता, आणि पोस्टमनचा शेरा: घेण्यास नकार.

"बाबा तेव्हा कुठे होते?" मी तारीख बघत विचारलं.

आईनं पदर तोंडाला लावला. "बोटीवर."

"मग नकार..."

"मी दिला. कोपऱ्यात कंपनीचं नाव बघितलं आणि डोकंच फिरलं. पाटी नेलीत, आता टपाल कशाला पाठवता? म्हटलं, ने मेल्या परत. त्यात काय आहे ते मला काय माहीत!"

कंपनी अडचणीत होती म्हणून काकांनी पैसे ओतले असणार. त्याआधी भावाला विचारलं, तो सुट्टीवर घरीच असेल असं धरून, आणि भावानं पाकीटसुद्धा फोडलं नाही असं काका समजले. बाबा परत आले तोवर वाटप होऊन गेलं होतं, आणि भावानं आपल्याला विचारलंच नाही असं ते समजले. दोघंही मानी. एक दिवस समोरासमोर बसून भांडले असते तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. भांडले नाहीत, हेच वाईट. आम्ही पोरं त्यांच्या मोठेपणाचं कौतुक करत राहिलो.

"केस?" मी शेवटी विचारलं.

"कसली केस? पाचवा तर पाचवा. वहिनींना फोन लाव."

मी लावला आणि स्पीकरवर ठेवला. आईनं नमस्कार नाही, चमत्कार नाही, एका दमात सगळं सांगून टाकलं.

मग काकू म्हणाल्या, "हे शेवटपर्यंत तेच बोलत होते गो. दवाखान्यातसुद्धा. धाकट्यानं माझं पाकीट न फोडता परत केलं, असं काय मी त्याचं केलं होतं?"

"त्यांनी नाही हो वहिनी. त्यांना ठाऊकच नव्हतं. मी केलं."

"हो गो, कळलं," काकू म्हणाल्या. "पण आता मी हे सांगू कोणाला?"